स्टँडर्ड ३२ डिग्रीला, जॉब ३८ ला: करेक्शन कितीचं लावायचं?

प्रश्न: स्टीलच्या शाफ्टची लांबी ५०० ± ०.०२ हवी आहे. मशीनवरून काढून मोजली तर ५००.०२० येते. जॉब ३८ डिग्री होता म्हणून २० डिग्रीचं करेक्शन लावलं तर ४९९.९१७ येते, म्हणजे रिजेक्ट. पण ग्राहकाच्या लॅबमध्ये ४९९.९८७ भरली आणि पास झाली. माझं गणित कुठे चुकतंय?

उत्तर:

गुणाकार बरोबर आहे, पण तुम्ही फक्त जॉबच्या गरमीचा हिशेब केलात. मायक्रोमीटरही त्याच शेडमध्ये तापलेला होता, तो हिशेबातून सुटला.

५००–५२५ चा मायक्रोमीटर आपण ५०० च्या स्टँडर्डवर झिरो करतो. त्या दांड्यावर ५०० लिहिलेलं असतं ते २० डिग्रीचं. तुमच्या शेडमध्ये तो ३२ डिग्रीला होता असं धरतो. साध्या स्टीलचा प्रसरणांक दर डिग्रीला ११.५ × १०⁻⁶, म्हणजे मीटरभर लांबीला एका डिग्रीमागे साडेअकरा मायक्रॉन. १२ डिग्रीने ५०० चा दांडा ०.०६९ ने वाढला आणि तुम्ही त्या वाढलेल्या दांड्यालाच ५०० म्हणून झिरो लावला. जॉब त्याहून ०.०२० जास्त आला, म्हणजे ३८ डिग्रीला त्याची खरी लांबी होती ५००.०८९. आता त्यातून १८ डिग्रीची वाढ, ०.१०३५, वजा करा. उरतात ४९९.९८५५. लॅबच्या आकड्याशी दीड मायक्रॉनचा फरक, आणि तो थर्मामीटरच्या पाव-अर्ध्या डिग्रीतही येऊ शकतो.

सूत्र असं:

```
L20 = R × [1 + As × (Ts − 20) − Aj × (Tj − 20)]
```

R म्हणजे वाचन, As आणि Ts स्टँडर्डचा प्रसरणांक व तापमान, Aj आणि Tj जॉबचे. दोन्ही साधं स्टील असेल तर २० आपोआप कटतो आणि फक्त दोघांच्या तापमानातली तफावत उरते. तुमच्या बाबतीत ६ डिग्री, म्हणजे ०.०३४५ वजा. जॉब आणि स्टँडर्ड दोघेही ३२ ला असतील तर करेक्शन शून्य, मग बाहेर मे महिना का असेना. पुण्या-नाशिकच्या कितीतरी बिनएसी शेडमध्ये बरोबर मापं निघतात ती यामुळेच.

पण हे साध्या स्टीलपुरतंच. उद्या ३०४ स्टेनलेसचा जॉब आला तर त्याचा प्रसरणांक १७ च्या आसपास असतो. मग दोघंही ३२ ला असले तरी ५०० वर ०.०३३ चा फरक पडतो, म्हणजे जवळजवळ तुमच्या ६ डिग्रीच्या करेक्शनइतकाच. तापमान सारखं दिसतं म्हणून तिथे कुणाला शंकाही येत नाही.

खरी अडचण सूत्राची नाही, Tj मोजण्याची आहे. ५०० च्या जॉबवर एक डिग्री चुकली की पावणेसहा मायक्रॉन गेले. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत टर्न केलेल्या स्टीलवर वापरू नका. असा पृष्ठभाग स्वतःची उष्णता फार कमी फेकतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो, त्यामुळे गरम जॉबही शेडइतकाच दाखवतो. टेकवायचा प्रोब घ्या आणि आकडा स्थिर होईपर्यंत धरून ठेवा. दोन्ही टोकांना आणि मध्यभागी बघा. मशीनवरून नुकत्याच उतरलेल्या जॉबमध्ये तीन ठिकाणी तीन आकडे आले तर कुठलंच करेक्शन विश्वासाचं नाही, कारण सूत्र सगळ्या लांबीला एकच तापमान धरतं.

अशा वेळी मी तरी गणित करत बसत नाही. जॉब आणि स्टँडर्ड शेजारी-शेजारी सरफेस प्लेटवर ठेवून देतो. ओतीव लोखंडाची जाड प्लेट उष्णता भराभर ओढून घेते, लाकडी बाकावर तोच जॉब रेंगाळतो. अर्ध्या तासाने वाचन घ्यायचं, मग पुन्हा थोड्या वेळाने. वाचन अजून उतरत असेल तर जॉब अजून गरम आहे, थांबलं की मोजा. मोजायच्या आधी झिरो परत तपासा, आणि एवढा मोठा मायक्रोमीटर फ्रेमवरच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनाच धरा, हाताच्या उबेने फ्रेम वाढली की झिरो सरकतो.

थांबायला वेळच नसेल तर करेक्शन लावा, पण ते वजा केल्यावर माप टॉलरन्सच्या कडेला येत असेल तर निर्णय त्या आकड्यावर घेऊ नका. तुमचा ४९९.९८५५ खालच्या हद्दीपासून फक्त साडेपाच मायक्रॉन आत आहे. प्रोब एक डिग्रीने चुकला असता तरी जॉब बाहेर गेला असता.

सीएमएमवर मोजत असाल तर आधी बघा, त्यात तापमान भरपाई चालू आहे का. चालू असेल तर मशीन दाखवतं ते आधीच २० चं माप असतं. त्यावर हे सूत्र लावलं की करेक्शन दोनदा होतं.