डिटेक्टर कंपनीला तक्रारीचं पत्र लिहिताना नेमकं काय मागावं?

प्रश्न: मी मुंबईत राहते, ब्लॉग लिहिते. माझे स्वतः लिहिलेले लेख एका डिटेक्टरने ‘एआयने लिहिलेले’ ठरवले आणि संपादकांनी मानधन थांबवलं. कंपनीला तक्रार करायची आहे. पत्रात काय लिहू?

तुमच्यासारखंच माझ्याबाबतीत झालं होतं. मी गिरणगावावर इंग्रजीत लिहितो. लालबाग-परळच्या चाळींत जाऊन जुन्या गिरणी कामगारांशी बोलतो आणि त्यावर लेख करतो. असाच एक लेख एका संकेतस्थळाने डिटेक्टरमधून काढला आणि ‘८७ टक्के एआय’ असा शेरा मारून परत पाठवला. मला फार राग आला, पण रागाचं पत्र पाठवण्याआधी मी डिटेक्टरचा अहवाल उघडून त्याने संशयास्पद म्हणून कोणती वाक्यं रंगवली आहेत ते पाहिलं. तुम्हीही आधी तेच करा.

माझ्या लेखात रंगवलेली वाक्यं जवळजवळ सगळी माहितीची होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, दत्ता सामंत त्याचे नेते होते, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, अशी. एका निवृत्त साचेवाल्याने घरातली भांडी विकल्याचं सांगितलं, त्या परिच्छेदाला मात्र हातही लागला नव्हता. याचं कारण साधं आहे. अशी बरीच साधनं पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो हे मोजतात, आणि तो सहज ओळखता आला तर मजकूर यंत्राचा धरतात. संपाची तारीख आणि आकडे हजारो ठिकाणी जवळपास त्याच शब्दांत छापलेले आहेत, म्हणून ते लिहिणाऱ्या कुणाचंही वाक्य ‘ओळखीचं’ निघतं. साधं, नेटकं इंग्रजी लिहिणाऱ्यांनाही हाच फटका बसतो. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध सात डिटेक्टरना दिले, तेव्हा सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरवले गेले. अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे सुटले. तुम्ही इंग्रजीत लिहीत असाल तर हा दाखला पत्रात जरूर द्या.

आता पत्राचा हेतू. डिटेक्टरने तुमच्या लेखाला दिलेला टक्केवारीचा गुण कंपनी बदलून देईल या आशेवर पत्र लिहू नका. मानधनाचा निर्णय संपादकांचा आहे, म्हणून कंपनीकडून संपादकांना दाखवता येईल असं लेखी उत्तर मिळवायचं. माझ्या पत्राचा गाभा असा होता:

‘अमुक तारखेला तुमच्या साधनाने माझ्या लेखाला ८७ टक्के गुण दिला. या आकड्याचा अर्थ लेखाचा ८७ टक्के भाग यंत्राचा, की लेख यंत्राचा असण्याची शक्यता ८७ टक्के? त्या दिवशी साधनाची कोणती आवृत्ती चालू होती? माणसाने लिहिलेल्या शंभर लेखांपैकी किती चुकून पकडले जातात, आणि ही चाचणी भारतीय लेखकांच्या इंग्रजीवर केली आहे का? केवळ या गुणावरून लेखकाचं मानधन थांबवणं तुम्हाला योग्य वाटतं का, हे कृपया लेखी कळवावं.’

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. गुण हा एकमेव पुरावा धरू नये असं अनेक डिटेक्टर कंपन्या स्वतःच्याच सूचनांमध्ये लिहितात, पण वापरणारे ते वाचत नाहीत. मला आलेल्या उत्तरात तेच वाक्य होतं. बाकीच्या प्रश्नांना त्यांनी बगल दिली. ते एक वाक्य मी संपादकांना पाठवलं आणि सोबत लेखाचा मसुदा-इतिहास जोडला.

त्या इतिहासावर मेहनत घ्या. गूगल डॉक्स किंवा वर्डप्रेसमध्ये जुन्या आवृत्त्या साठतात. खरा लेख हळूहळू वाढतो, परिच्छेद वर-खाली होतात, नावं दुरुस्त होतात. एकदम चिकटवलेला मजकूर तिथे एका घावात दिसतो. हा निर्णायक पुरावा नाही, कारण कुणी बघून बघून टाइपही करू शकतं. म्हणून मी मुलाखतीच्या वहीची पानं आणि ध्वनिमुद्रणही दिलं. तुमचा मसुदा दुसरीकडे लिहून ब्लॉगवर चिकटवलेला असेल, तर मूळ फाइलचा इतिहास द्या, नाहीतर तोच ‘एका घावाचा’ संशय तुमच्यावर येईल.

दुसऱ्या डिटेक्टरचा ‘१०० टक्के मानवी’ असा निकाल मात्र जोडू नका. मोजण्याची पद्धत तीच असेल तर त्याची सुटका तितकीच कच्ची, आणि संपादक उद्या तिसरं साधन पुढे करतील.

कंपनी ‘आमची चूक शंभरात एक’ असं म्हणाली, तर संपादकांना हिशोब मांडून दाखवा. त्यांच्याकडे वर्षाला सहाशे प्रामाणिक लेख येत असतील, तर त्यातले सहा दर वर्षी विनाकारण अडकणार. ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये काढलेलं स्वतःचं साधन शंभरातले नऊ मानवी मजकूर चुकून पकडत होतं, आणि अचूकता कमी म्हणून त्यांनी ते त्याच वर्षी जुलैत बंद केलं.

माझ्या संपादकांनी वही आणि मसुदे पाहून मानधन दिलं. डिटेक्टर त्यांच्याकडे अजून चालू आहे, पण आता लेख परत पाठवण्याआधी ते लेखकाकडे मसुदा मागतात. तुमच्या संपादकांकडेही हीच मागणी लेखी करा आणि कंपनीच्या पत्राची प्रत त्यांना त्याच दिवशी पाठवा.