काट्याच्या मीटरची उलटी ओहम पट्टी आणि उतरलेला सेल

प्रश्न: जुन्या काट्याच्या मीटरवर ओहमची पट्टी उलटी का असते? आणि सेल उतरला असला तरी झीरो जुळवला की रीडिंग बरोबर येतं का?

उत्तर: ओहमच्या रेंजवरही काटा करंटच दाखवतो. मीटरमधला सेल, आतला ठरावीक रेझिस्टन्स, काट्याची कॉइल आणि तुम्ही लावलेला रेझिस्टन्स असं सगळं सिरीजमध्ये असतं. प्रोब एकमेकांना टेकवल्या की करंट सर्वात जास्त, म्हणून शून्य उजव्या टोकाला. प्रोब मोकळ्या ठेवल्या की करंट नाही, म्हणून अनंत डावीकडे.

समजा सेल १.५ व्होल्टचा आणि काटा १ मिलिअँपियरला पूर्ण फिरतो. मग आतला एकूण रेझिस्टन्स १५०० ओहम हवा. बाहेर तेवढाच लावला की करंट अर्धा होतो आणि काटा बरोबर मध्यावर येतो. ४५०० लावला की करंट पाव. म्हणजे ४५०० पासून अनंतापर्यंतचे सगळे आकडे डावीकडच्या पाव भागात कोंबलेले! तिथलं रीडिंग अंदाजच समजा. रेंज अशी निवडा की काटा मधल्या पट्ट्यात थांबेल.

आता सेल उतरून १.३ व्होल्टवर आला. प्रोब शॉर्ट केल्यावर काटा शून्याच्या अलीकडेच थांबतो. झीरोचा नॉब सिरीजमध्ये असेल, तर तो फिरवून तुम्ही आतला रेझिस्टन्स १३०० करता. काटा शून्यावर येतो, पण पट्टी अजून १५०० च्या हिशोबानेच छापलेली आहे. आता खरा १५०० चा रेझिस्टन्स लावा: करंट १.३ भागिले २८००, म्हणजे ०.४६४ मिलिअँपियर. पट्टीवर तिथे सुमारे १७३० वाचाल. झीरो अगदी बरोबर, रीडिंग मात्र १५ टक्के जास्त.

म्हणून बऱ्या मीटरमध्ये हा नॉब कॉइलला पॅरलल देतात. कॉइल ५० ओहमची, नॉबही ५० वर आणि सिरीजमध्ये ७२५ धरा. आतले एकूण ७५० झाले. सेल १.३ वर आला की झीरोसाठी नॉब साधारण ६९ वर न्यावा लागतो, पण एकूण रेझिस्टन्स फक्त ७५४ होतो. चूक अर्धा टक्का. बदल्यात सेलमधून दुप्पट करंट जातो, पण हा सौदा मला पटतो.

तरी या नॉबलाही मर्यादा आहे. आमच्या सोलापुरात यंत्रमागांच्या मोटरींचं वाइंडिंग बघायला ×१ रेंज लागते आणि सेलवर सर्वात जास्त ओझं तिथेच पडतं. उतरलेल्या सेलचा स्वतःचा रेझिस्टन्स वाढलेला असतो, आणि या रेंजवर आतला एकूण रेझिस्टन्सच जेमतेम काही दहा ओहम असल्याने दोन-तीन ओहमची भरही रीडिंग बिघडवते. बाकी रेंजवर झीरो येतो आणि ×१ वर नॉब टोकाला नेऊनही येत नाही, किंवा प्रोब टेकवून ठेवल्यावर काटा हळूहळू मागे सरकतो, असं दिसलं की नॉबशी झटापट करू नका, सेल बदला. रेंज बदलली की झीरो पुन्हा जुळवा, आणि काम झालं की स्विच ओहमवर ठेवू नका. प्रोब एकमेकांना लागून राहिल्या तर नवा सेलही लवकर संपतो.