डोकेदुखीवर दाब आणि मालिश : वाचकांचे प्रश्न

संध्याकाळ झाली की डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं होतं. कपाळ दुखतं, मानगूटही जड होतं. दिवसभर काम स्क्रीनसमोर असतं. कुठले बिंदू दाबायचे आणि किती वेळ?

दोन्ही बाजूंनी सारखं आवळणारं, ठणका नसलेलं, जिना चढल्याने न वाढणारं हे दुखणं बहुधा ताणाची डोकेदुखी असते. हाताने दाबून जी उतरू शकते, ती प्रामुख्याने हीच.

सुरुवात कपाळापासून करू नका, मानेपासून करा. मानेच्या वरच्या भागातल्या नसा आणि चेहरा-कपाळाची नस मेंदूच्या बुंध्याजवळ एकाच ठिकाणी येऊन मिळतात. त्यामुळे कवटीच्या तळाचे आखडलेले स्नायू दुखतात मागे, पण जाणवतात पुष्कळदा डोळ्यांच्या वर.

टेबलावर कोपर टेका. मणक्याच्या दोन्ही बाजूंना, कवटीचं हाड संपतं तिथे बोटं फिरवा. मानेचा जाड स्नायू आणि कानामागून खाली उतरणारा स्नायू यांच्यामध्ये एकेक खळगा लागेल. चिनी पद्धतीत याला फेंगची म्हणतात. दोन्ही अंगठे तिथे ठेवून डोक्याचा भार हळूहळू अंगठ्यांवर सोडा. दाबाची दिशा वर, हाडाकडे असावी; पुढे, गळ्याकडे नको. 30 सेकंद धरा, सोडा, दोन श्वास घ्या. असं तीन वेळा. दाब किती, तर दुखेल पण बरं वाटेल इतका. श्वास रोखला गेला किंवा खांदे वर चढले, तर तो जास्त झाला.

मग कानशिलं. बोटं तिथे ठेवून दातांवर दात दाबा. जो स्नायू फुगतो तोच धरायचा आहे. पंख्यासारखा पसरलेला हा स्नायू जबड्याला जोडलेला असतो, म्हणून झोपेत दात खाणाऱ्यांची कानशिलं सकाळीच दुखत असतात. आता जबडा सैल सोडा, ओठ मिटलेले आणि दात सुटे. तीन बोटांच्या पेरांनी सावकाश गोल फिरवा. बोट कातडीवरून घसरवायचं नाही. बोटाखालची कातडी स्नायूवर सरकली पाहिजे. दोन मिनिटं पुरेत. इथे दाब मानेपेक्षा बराच कमी ठेवा, कारण कातडीच्या लगेच खाली धमनी आहे. बोटाला उडी लागली की तिथून थोडं सरका.

शेवटी बोटं फाकवून टाळू पकडा आणि केसांसकट पुढे-मागे हलवा, दोन मिनिटं. तेल लावायचं की नाही, यावर घराघरांत वाद असतात. आमचं मत असं की या कामाला तेल नकोच. बोटं निसटतात आणि टाळूऐवजी केसच चोळले जातात.

आता अपेक्षा. समजा सुरुवातीला तुमचं दुखणं दहापैकी 6 आहे. सहा-सात मिनिटांच्या या क्रमानंतर ते 3 किंवा 4 वर आलं, तर उपाय लागू पडला असं समजा. शून्याची वाट पाहून तासभर दाबत राहिलात, तर स्नायू उलट चिडतात आणि दुसऱ्या दिवशी मानगूट ठेचल्यासारखं होतं. आणि 3 वर आलेलं दुखणं स्क्रीनसमोर बसताच अर्ध्या तासात पुन्हा 6 झालं, तर बिंदू चुकला असं नव्हे. स्क्रीन खूप खाली आहे का, चष्म्याचा नंबर बदलला आहे का, ते आधी पाहा. दुखायला लागल्यावर दाबण्यापेक्षा दुपारीच, दुखणं 2 वर असताना, पाच मिनिटं काढली तर फायदा जास्त दिसतो.

अंगठा आणि तर्जनीमधला बिंदू इतका दाबला की हात निळा पडला, पण डोकं काही थांबलं नाही. माझं कुठे चुकतंय?

बहुतेक जण दोन बोटांमधली मऊ कातडी चिमटीत धरतात. चिनी पद्धतीत ज्याला हेगू म्हणतात, तो बिंदू तिथे नाही. अंगठा तर्जनीला चिकटवा. हाताच्या मागच्या बाजूला जो उंचवटा येतो, त्याचं टोक लक्षात ठेवा. मग अंगठा सैल सोडून त्या जागी, तर्जनीच्या तळहातातल्या हाडाकडे तिरका दाब द्या. मिनिटभर एक हात, मग दुसरा. खोल, बोथट कळ आली म्हणजे जागा बरोबर. बोटाकडे मुंग्या गेल्या तर नस दाबली जात आहे, सोडा. निळं पडणं म्हणजे कातडीखाली रक्त उतरणं. त्याने गुण वाढत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर फक्त हलका दाब द्या. गरोदरपणात हा बिंदू टाळण्याची परंपरा आहे. धोका ठोस सिद्ध झालेला नसला, तरी टाळल्याने काही बिघडत नाही.

बिंदू मिलिमीटरने चुकला म्हणून खंत नको. 2006 मध्ये जर्मनीत 900 हून अधिक अर्धशिशीच्या रुग्णांवर ॲक्युपंक्चरच्या सुयांचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. शास्त्रोक्त बिंदूंवर सुया, भलत्याच जागी सुया आणि नेहमीची प्रतिबंधक औषधं, या तिन्ही गटांतला फरक नगण्य निघाला. तो प्रयोग सुयांचा होता, बोटांच्या दाबाचा नव्हे. तरीही नेमक्या जागेपेक्षा स्पर्श, विसावा आणि लक्ष दुसरीकडे वळणं यांचा वाटा मोठा असावा, असं आम्हाला वाटतं.

मला अर्धशिशी आहे. घरचे प्रेमाने डोकं चेपतात, पण त्याने आणखीच वाढतं. असं का?

झटका रंगात आला की मेंदूतल्या वेदनेच्या वाटा इतक्या संवेदनशील होतात की साधा स्पर्शही दुखतो. केस विंचरणं, चष्म्याची दांडी, उशीचा स्पर्श नको होतो. ही खूण दिसली की डोक्याला हात लावू द्यायचा नाही. दाबायचंच असेल तर झटक्याच्या अगदी सुरुवातीला, मानगूट जड होतं तेव्हा, आणि तेही हलकं. मळमळ असेल तर मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, आतल्या बाजूच्या दोन शिरांसारख्या कंडरांच्या मधोमध दोन-तीन मिनिटं दाबून पाहा. डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र या नादात लांबवू नका. ती लवकर घेतली तर नीट लागू पडते, उशिरा घेतली की कमी.

उलट बाजूही आहे. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 किंवा अधिक दिवस, काही महिने घेतली जात असेल, तर गोळीच डोकेदुखी टिकवून ठेवू शकते. तशी वेळ आली असेल तर चेपून उपयोग नाही, औषधाचं वेळापत्रक डॉक्टरांकडून बदलून घ्यावं लागतं.

वडील 68 वर्षांचे आहेत. तीन आठवड्यांपासून एका कानशिलात दुखतं, केस विंचरताना कळ येते, जेवताना जबडा भरून येतो. रोज हलकी मालिश करतो. आणखी कुठला बिंदू सांगाल?

बिंदू नाही, आणि मालिश आजच थांबवा. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली कानशिलाची दुखी, टाळूचा हळवेपणा आणि चावताना थकणारा जबडा हे तिन्ही एकत्र म्हणजे कानशिलाच्या धमनीला सूज असण्याची शक्यता. उपचार लांबले तर दृष्टी कायमची जाऊ शकते. आजच डॉक्टरांकडे न्या आणि ही तिन्ही लक्षणं याच शब्दांत सांगा. रक्ताची तपासणी होते, आणि संशय दाट असेल तर निदान पक्कं होण्याआधीच स्टेरॉइड सुरू करतात. दृष्टी क्षणभर जरी अंधुक झाली किंवा एकाचे दोन दिसले, तर थेट तातडीच्या विभागात जा.