दुसऱ्याचं पात्र हलवण्याआधी

मित्राबरोबर मिळून एकच गोष्ट लिहिताना तुम्ही पात्रं वाटून घेतलीत ते बरंच, पण खटके उडतात ते दोघांची पात्रं एका प्रसंगात आली की. समजा बहीण तुझी, भाऊ मित्राचा. तू लिहिलंस, ‘तिनं पत्र पुढे केलं, त्यानं ते फाडलं.’ म्हणजे भावाचा निर्णय तू परस्पर घेतलास. पत्र पुढे करून थांब. फाडायचं की खिशात घालायचं, ते मित्र लिहील. दार उघडणं, मान हलवणं चालतं, नाहीतर गोष्ट रांगतच राहते. मरण, लग्न, जुनं गुपित मात्र विचारूनच. ठरलेलं लगेच सामायिक वहीत टिपा. आमचा एकाक्ष खलनायक सातव्या प्रकरणात दोन्ही डोळे वटारत होता! दोघांच्या लिखाणाचा सूर जुळावा म्हणून आधी एकच प्रसंग दोघांनी वेगवेगळा लिहून पाहा. एकाचा विनोद दुसऱ्याला थिल्लर वाटत असेल, तर तिथेच कळतं.