फ्रेंडशिप डेची ग्रुप ऑफर: भाव डोईमागे लिहा

प्रश्न: तालुक्याच्या गावात कॉलेजजवळ आमचा छोटा कॅफे आहे. फ्रेंडशिप डेला पोरंपोरी घोळक्यानं येतात. ग्रुप ऑफरचा मजकूर कसा लिहावा? '४ वर १ फ्री' बरं की बिलावर सूट?

दोन्ही नको. एका डोईचा एक भाव लिहा, तोही गोल आकड्यात. बाकी जे सांगायचं ते त्याच्या खाली.

हे इतकं ठासून सांगतो कारण याच गोष्टीवरून माझं आणि माझ्या मावसभावाचं अजून पटलेलं नाही. कॅफे आमचा दोघांचा आहे, वरुडला. तो म्हणतो, 'फ्री' शब्द दिसला की पोट्टे धावत येतात. येतात हे खरं. पण काउंटरवर काय होतं ते पाहायला तो त्या दिवशी माझ्या शेजारीच उभा होता, तरी त्याला ते दिसलं नाही.

त्या वर्षी फ्लेक्सचा मजकूर त्यानं शहरातल्या एका डिझाईनवाल्याकडून करून आणला होता. वर दोस्तीची शायरी, मध्ये छत्रीखाली उभं असलेलं जोडपं, भोवती लाल बदाम, खाली मोठ्या अक्षरात '४ वर १ फ्री' आणि अगदी तळाशी, वाकून वाचावं लागेल इतक्या बारीक अक्षरात 'अटी लागू'. दुपारी प्रॅक्टिकल आटोपून बीएस्सीच्या सात मुली आल्या, पुसला-लोणीकडच्या. एकीनं विचारलं, "भाऊ, आमी सात जनी आहो, कसं लावता?" मावसभाऊ म्हणाला, पाच जणींचा एक ग्रुप धरू, उरलेल्या दोघींना मेनूचा रेट. मग त्यांनी विचारलं, फ्री काय, कॉफी की सँडविच? तो म्हणाला, पाचातलं सगळ्यात स्वस्त असेल ते. झालं. एकीनं वहीचं मागचं पान उघडलं आणि उभ्या उभ्या हिशोब सुरू झाला. त्या 'उरलेल्या दोघी' कोण हे कोणीच बोलेना. शेवटी कडेला उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "मले नोको, माहा उपास आहे." तिची मैत्रीण पटकन बोलून गेली, "सकायी तं पोहे खाल्ले तुनं." त्यावर ती मुलगी काही बोलली नाही, बॅगेची चेन लावत राहिली. दोन मिनिटांत सातही जणी बाहेर गेल्या आणि समोरच्या गाड्यावर कचोरी खाऊन बसला गेल्या.

मावसभावाचं म्हणणं, गिऱ्हाईक म्हटलं की असं चालायचंच. मला ते मान्य नाही. त्या पोरीला उपास आमच्या फ्लेक्सनं धरायला लावला.

आता यातलं कारण समजून घ्या, मजकूर आपोआप सुचेल. वाढदिवसाला एक जण पार्टी देतो. बिल एकाच्या खिशातून जातं, म्हणून तिथं 'बिलावर इतके टक्के' चालतं. फ्रेंडशिप डेला पार्टी देणारा कोणीच नसतो, सगळे कॉन्ट्री काढतात. घोळका निघायच्या आधीच, कॉलेजच्या गेटवर, कोणीतरी विचारतं, "किती किती पडतील?" तुमच्या ऑफरला उत्तर द्यायचं आहे ते याच प्रश्नाचं. 'बिलावर सूट' म्हटलं तर उत्तर मिळत नाही, कारण बिल अजून व्हायचं असतं. '४ वर १ फ्री' म्हटलं तर चार-पाचांच्या ग्रुपला मिळतं, सहा-सातांच्या ग्रुपमध्ये भांडण लागतं. आणि घोळके तुमच्या आकड्याप्रमाणे येत नाहीत. ते बसच्या रूटप्रमाणे येतात, एका गावची जितकी तितकी.

माझ्या कॅफेचा हिशोब सांगतो. कोल्ड कॉफी ५० रुपये, ग्रिल सँडविच ७०, फ्राईजची प्लेट ८०, मॅगी ५०. कच्चा माल कॉफीला साधारण १८, सँडविचला २४, फ्राईजला २५, मॅगीला १५. ऑफर नसताना सात जण आले तर ते काय मागवतात? चार कॉफ्या, दोन सँडविच, एक फ्राईज आणि वरून रिकामे ग्लास. बिल ४२०, म्हणजे डोईमागे ६०. माल जातो १४५ चा, हाती राहतात २७५.

मावसभावाचा दुसरा हट्ट होता '५०० च्या वर बिल, ५० टक्के सूट'. त्यात तेच सात जण आणखी एक कॉफी आणि एक मॅगी मागवून बिल ५२० वर नेतात आणि २६० देऊन जातात. माल १७८ चा. हाती ८२ रुपये. गर्दी तेवढीच, टेबल तेवढंच अडलेलं, वीजबिल आणि पोऱ्याची मजुरी त्याच ८२ मधून.

डोईमागे ८० असं लावलं की प्रत्येकाला स्वतःची एक कोल्ड कॉफी, अर्धं ग्रिल सँडविच आणि पाच किंवा जास्त जण असले तर टेबलावर एक फ्राईजची प्लेट आमच्याकडून. सात जणांचे ५६०. माल: सात कॉफ्या १२६, सँडविच चार करावे लागतात म्हणून ९६, फ्राईज २५, मिळून २४७. हाती ३१३. मेनूच्या भावानं हेच त्यांना ६७५ ला पडलं असतं, म्हणजे त्यांचेही ११५ वाचले. रोजच्यापेक्षा डोईमागे २० रुपये जास्त निघतात, पण ते प्रत्येकाला आधीच माहीत असतात आणि प्रत्येकाच्या हातात स्वतःचा ग्लास असतो. चार ग्लासात सात जण नाहीत.

७९ लिहू नका. कॉन्ट्री काढताना एक रुपयाची चिल्लर कोणाजवळ नसते, आणि स्कॅनरवर पैसे एकच जण मारतो, बाकीचे त्याला नंतर पाठवतात. ८० चा पाढा सगळ्यांना येतो.

मी फ्लेक्सवर आणि व्हॉट्सॲपवर हा मजकूर टाकतो. तुमचे भाव घालून घ्या:

कितीही जण या, एकाचे ८० रुपये.
प्रत्येकाला १ कोल्ड कॉफी + अर्धं ग्रिल सँडविच.
५ किंवा जास्त असाल तर फ्राईजची प्लेट आमच्याकडून.
शनिवार, रविवार, सोमवार. सकाळी ११ ते ४.
खुली बैठक आहे. वर काही लागणार नाही, ८० म्हणजे ८०.

एवढंच. शायरी नको. मेसेज कॉलेजच्या ग्रुपवर फिरतो तेव्हा लांब मजकूर अर्ध्यात कापला जातो आणि शायरी वर असली की भावच दिसत नाही. पहिल्या ओळीत भाव असला की तीच ओळ पोरं एकमेकांना तोंडी सांगतात.

'खुली बैठक' ही ओळ का, ते शहरातल्या माणसाला कळणार नाही. आपल्याकडे तालुक्याच्या गावांत पडदे आणि केबिनवाल्या कॅफेंनी हा धंदाच बदनाम करून ठेवला आहे, पोलीस येतात, पेपरात बातम्या येतात. मुलींचा ग्रुप आत यायच्या आधी काच-दरवाजातून आत पाहतो. गावातलं कोणी ओळखीचं रस्त्यावरून गेलं तरी आपण सगळ्या एका टेबलावर बसलेल्या दिसू, एवढं त्यांना पुरतं. अशा वेळी फ्लेक्सवर छत्रीखालचं जोडपं आणि लाल बदाम लावले तर मुलींचे घोळके रस्त्यावरूनच परत जातात. चित्र लावायचंच असेल तर कॉफीचे ग्लास लावा, पाच-सहा, एका ओळीत.

तीन दिवस का? फ्रेंडशिप डे ऑगस्टचा पहिला रविवार, आणि रविवारी कॉलेज बंद. रविवारी येतात ती गावातली पोरं आणि रूम करून राहणारी, अभ्यासिकेतली. खेड्यावरून बसनं येणारा घोळका शनिवारी किंवा सोमवारीच येतो, आणि मोठा घोळका तोच असतो. वेळ ४ पर्यंत ठेवली ती परतीच्या बससाठी. मेसेजमध्ये वेळ नसली तर साडेचारला पंधरा जण येतात, अर्ध्यांचं लक्ष स्टँडकडे, आणि ऑर्डर मिक्सरमध्ये असताना निघून जातात.

सोमवारी एक बघून घ्या. श्रावण लागला असेल तर अर्धा ग्रुप उपासाचा असतो. २०२५ मध्ये ४ ऑगस्ट श्रावणी सोमवारच होता, तेव्हा मी सँडविचच्या जागी साबुदाण्याची खिचडी त्याच भावात दिली. २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे श्रावण पुढं गेला आहे, ३ ऑगस्टला ती अडचण नाही.

आणि जे देता येतं तेच लिहा. मावसभावाला वरुडचं नाव म्हणून 'ताजा संत्रा ज्यूस' हवा होता. ऑगस्टमध्ये आंबियाचा संत्रा झाडावर हिरवाच असतो, हे त्याच्या स्वतःच्या बापाच्या बागेत त्याला दिसत होतं.

माझे आकडे माझ्या दुधाच्या आणि ब्रेडच्या भावावर आहेत, तुमचे काढल्याशिवाय ८० लिहू नका. मालाचा खर्च विक्रीच्या निम्म्याच्या आत बसला पाहिजे. माझा ५६० वर २४७ होतो, म्हणून जमतो. जीएसटी लावत असाल तर तो आत धरून भाव काढा, बिलावर वेगळा दाखवलात की ८० चे ८४ होतात आणि काउंटरवर पुन्हा वही निघते. नागपूर-अमरावतीला, जिथं पोरं दोन-दोनच्या जोडीनं गाडीवर येतात, तिथं कदाचित सूटच बरी चालेल, तिथला मला अनुभव नाही. आणि तुमच्याजवळ एकच मिक्सर असेल तर कॉफी आधीच करून फ्रीजमध्ये ठेवा. एका भांड्यात फार तर तीन ग्लास होतात, सातव्या जणापर्यंत पहिल्याचा ग्लास संपलेला असतो.

मावसभाऊ अजूनही म्हणतो, 'कितीही जण' लिहिलं तर दोघंच येतील आणि ८० ची ऑफर खाऊन जातील. येतात. दोघांचे १६०, माल ६० चा. फ्राईज त्यांना मिळत नाही, कारण पाचाची ओळ मजकुरात आहे. त्याला हे मी कागदावर मांडून दाखवलं आहे. यंदाचा फ्लेक्स मीच लिहिणार आहे, तसं ठरलं आहे.