‘निर्णयक्षमता’ : कशाची आणि कधीची?

प्रश्न : नीतिशास्त्राच्या केसमध्ये रुग्ण ‘सज्ञान’, ‘शुद्धीवर’ आणि ‘निर्णयक्षम’ आहे, ही तिन्ही वाक्यं एकच गोष्ट सांगतात का? उपचार नाकारणाऱ्या वयस्कर रुग्णाबद्दल उत्तरपत्रिकेत नेमकं काय लिहावं?

तिन्ही शब्द वेगळे आहेत. ‘सज्ञान’ कायद्याने ठरवलेल्या वयाबद्दल सांगतो. ‘शुद्धीवर’ मेंदूच्या जागेपणाबद्दल. ‘निर्णयक्षम’ मात्र एकटा लिहिला की अपुरा राहतो, कारण ही क्षमता माणसाला कायमची चिकटलेली नसते. ती एका ठरावीक निर्णयापुरती आणि त्या वेळेपुरती तपासायची असते. म्हणून ‘रुग्ण निर्णयक्षम नाही’ हे वाक्य मी अर्धवट समजतो. ‘पाय काढण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल निर्णय घेण्याची क्षमता आज सकाळी दिसत नाही, कारण…’ हे वाक्य पूर्ण आहे.

केस अशी घ्या. बहात्तर वर्षांच्या मधुमेही बाईंच्या पावलाला गँगरीन झालंय. सर्जन गुडघ्याखाली पाय काढायला सांगतात, बाई नकार देतात. थोडं विसरायला होतं. मुलगा म्हणतो, “आईला काही कळत नाही, सही माझी घ्या.”

सुरुवात गृहीतकापासून करा : सज्ञान माणसाला निर्णयक्षमता आहे असंच धरायचं, ती नाही हे दाखवण्याची जबाबदारी तपासणाऱ्यावर. त्यानंतर चार गोष्टी तपासायच्या. दिलेली माहिती कळली का? ती स्वतःला लागू आहे हे पटलं का? पर्याय तोलता येतात का? आणि निवड सांगता येते का? ‘कळलं का?’ विचारून भागत नाही, कारण त्यावर बहुतेक जण मान डोलावतात. ‘तुमच्या पायाला काय झालंय आणि पाय काढला नाही तर काय होईल, हे तुमच्या शब्दांत सांगा’ असं विचारा.

बहुतेक केसचा निकाल दुसऱ्या मुद्द्यावर लागतो. पाय काळा पडलेला समोर दिसत असताना बाई म्हणाल्या, “माझ्या पायाला काहीच झालेलं नाही, डॉक्टर दुसऱ्या कुणाबद्दल बोलतायत”, तर माहिती पाठ म्हणता येत असूनही ती स्वतःला लागू करता येत नाहीये. इथे क्षमतेबद्दल गंभीर शंका आहे. पण त्या म्हणाल्या, “विष अंगभर पसरून मी मरू शकते हे मला कळतं. तरी पाय घालवून परक्यांच्या हातावर जगायचं नाही”, तर चारही गोष्टी शाबूत आहेत. निर्णय आपल्याला चुकीचा वाटतो, एवढ्यावरून क्षमता जात नाही. बाई ‘हो’ म्हणाल्या असत्या तर क्षमतेचा प्रश्न तुम्ही काढला असता का, हे स्वतःला विचारून पाहा.

आजाराच्या नावावरूनही क्षमता ठरत नाही. 1990च्या दशकात इंग्लंडमध्ये अगदी असाच खटला झाला. स्किझोफ्रेनिया असलेल्या रुग्णाने गँगरीन झालेला पाय काढू द्यायला नकार दिला. आपण थोर डॉक्टर आहोत असा त्याचा भ्रम होता. तरीही या उपचाराची माहिती त्याला कळते, पटते आणि तोलता येते असं न्यायालयाला दिसलं आणि त्याचा नकार मान्य झाला. स्मरणशक्तीच्या चाचणीतल्या कमी गुणांनाही हाच नियम. ते गुण फक्त ‘नीट तपासा’ एवढं सांगतात.

आता केसमध्ये एक ओळ वाढते : संध्याकाळी ताप चढला की बाई बरळतात. इथे घाईने मुलाची सही घेणं ही ठरलेली चूक. जंतुसंसर्ग, साखर, वेदना, गुंगीची औषधं यांकडे आधी बघा, चश्मा आणि श्रवणयंत्र द्या, आणि त्या सावध असतील तेव्हा पुन्हा बोला. निर्णय थांबू शकत असेल तर थांबवा. शस्त्रक्रियेचा निर्णय झेपत नसला तरी ‘माझ्या वतीने लेकीला विचारा’ एवढं ठरवणं झेपू शकतं, कारण तो निर्णय सोपा आहे.

गोपनीयतेचा मुद्दा याच उत्तरावर टेकतो. क्षमता असेल तर रिपोर्ट मुलाला द्यायचा की नाही हे बाई ठरवतील; त्यांना न विचारता तो दाखवू नये. मुलाचं म्हणणं ऐकून घ्यायला मात्र अडचण नाही. आई घरी कशी वागते हे त्याच्याकडून कळतं, आणि ऐकण्याने आपल्याकडची कोणतीही माहिती बाहेर जात नाही.

शेवटचा उपप्रश्न बहुधा असा येतो : दोन दिवसांनी बाई बेशुद्ध झाल्या, आता तातडीचं म्हणून शस्त्रक्रिया करायची का? तातडीच्या वेळी संमतीशिवाय उपचार करण्याची सवलत रुग्णाची इच्छा माहीत नसते तेव्हासाठी आहे. पाय काढला नाही तर जीव जाऊ शकतो हे समजून, क्षमता असताना बाईंनी नेमक्या याच शस्त्रक्रियेला नकार दिला असेल, तर बेशुद्धीने तो पुसला जात नाही आणि मुलाच्या सहीनेही नाही. म्हणून त्या नकाराची नोंद केसमध्ये शोधा : काय सांगितलं, बाई स्वतःच्या शब्दांत काय म्हणाल्या, तारीख आणि वेळ. अशी नोंद नसेल, किंवा ताप चढून बरळत असतानाच नकार दिलेला असेल, तर तो नकार बांधून ठेवत नाही, आणि जीव वाचवणारा उपचार बाईंच्या हिताच्या आधारावर करता येतो.