बरणीवरचं एक अंडं

‘मुलीचं बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी झालंय, इटालियन बी-२ पर्यंत आहे. आता म्हणते, आयातदारांसाठी खाद्यपदार्थांच्या लेबलांचं भाषांतर करणार. डिक्शनरी घेऊन कुणीही करील असं काम! मी सांगितलंय, वर्षभर इटालियन बंद, एमबीएची तयारी कर. तुम्ही तिला समजवा.’ – एक वडील, कोथरूड

समजवायचं तर मला तुम्हालाच आहे. चार-पाच वर्षं घासून कमावलेली भाषा तुम्ही वर्षभर बंद ठेवायला सांगताय, ते पत्रातलं सगळ्यात काळजीचं वाक्य आहे. वापर थांबला की भाषा हातातून जाते. एमबीएची प्रवेश परीक्षा पुढच्या वर्षीही होईल.

आता डिक्शनरीचं. पेस्तोची बरणी घ्या: तुळशीसारखी पानं, तेल, काजू, चीज. कुणालाही शाकाहारी वाटेल. पण त्यातलं चीज ग्राना पादानो असेल, तर कंसात बहुधा ‘कोन्सेर्वान्ते: लिझोझीमा दा उओवो’ असतं, म्हणजे अंड्यापासून काढलेलं लायसोझाइम. घाईत नुसतं ‘प्रिझर्वेटिव्ह: लायसोझाइम’ लिहिलं की अंडं गायब. आपल्याकडे दूध चालतं, पण अंडं आलं की पदार्थ मांसाहारी ठरतो. त्या बरणीवर हिरव्या ठिपक्याऐवजी तपकिरी त्रिकोण हवा आणि ॲलर्जीकारक घटक सांगणाऱ्या ‘कंटेन्स’च्या ओळीत अंडंही हवं. शिवाय या चीजमधलं ‘काल्यो’, म्हणजे दूध विरजायचं रेनेट, वासराच्या जठरातलं असतं. लेबलावर तो शब्द एकटाच येतो. कशापासून, ते विचारावं लागतं. हे डिक्शनरी सांगत नाही, तुमच्या मुलीची मायक्रोबायॉलॉजी सांगते.

चूक पकडायची सोपी खूण आहे. युरोपच्या नियमाने घटकांच्या यादीत ॲलर्जीचे शब्द उठून दिसावे लागतात, बहुतेक ठळक अक्षरांत. मजकूर एक्सेलमध्ये चिकटवला की ती ठळक अक्षरं बऱ्याचदा जातात. म्हणून मूळ लेबलाचा फोटो समोर ठेवून ठळक शब्द मोजायचे: काजू, दूध, पुन्हा दूध, अंडं. आपल्या ‘कंटेन्स’मध्ये तिन्ही आले का, ते पाहायचं. याद्याही जुळत नाहीत. युरोपात चौदा गट आहेत. सेलरी, मोहरी, तीळ तिथे ॲलर्जीकारक म्हणून सांगावेच लागतात, आपल्या सक्तीच्या यादीत ते नाहीत.

मुलीलाही एक स्पष्ट सांगते. नुसत्या भाषांतरावर घर चालणं कठीण, कारण बरीच लेबलं इंग्रजी छापूनच येतात. खरं काम त्यामागच्या ‘स्केदा तेक्निका’त, म्हणजे उत्पादनाच्या तांत्रिक पत्रकात असतं. म्हणून तिने अनुवादक म्हणून नव्हे, तर आयातदाराकडे रेग्युलेटरी विभागात अर्ज करावा. एफएसएसएआयचे २०२० चे लेबलिंगचे नियम मुळातून वाचावेत. इटालियन भाषेचं सीआयएलएस किंवा सीईएलआय परीक्षेचं प्रमाणपत्र जोडीला असू द्यावं.

या रविवारी तुम्ही दोघं कॅम्पातल्या एखाद्या दुकानातून इटालियन बरणी आणा. आयातदाराचं स्टिकर झाकून तिला भारतीय लेबल तयार करू द्या आणि मग दोन्ही ताडून बघा. फरक निघाला तर तो कागद अर्जासोबत जोडायला सांगा.